रेंको व पॉइंट अँड फिगर आलेख

बाजारभावाच्या हालचालीतील किरकोळ चढउतार वगळून ठरावीक अंतराच्या हालचालीच तेवढ्या दाखवणारे दोन आलेखप्रकार. दोन्हींत आडव्या अक्षावर काळ समान अंतराने मोजला जात नाही. भाव ठरलेले अंतर कापत नाही तोवर आलेखावर नवे काही उमटत नाही. या अंतराला ‘बॉक्स’ म्हणतात. रेंकोत बॉक्स विटेच्या रूपात तिरका चढतो किंवा उतरतो. पॉइंट अँड फिगरमध्ये चढत्या भावाच्या फुल्यांचा आणि उतरत्या भावाच्या गोळ्यांचा स्तंभ रचतात.

पॉइंट अँड फिगर पद्धतीचा उगम वादग्रस्त आहे. तिचे श्रेय अनेकदा ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चा संपादक चार्ल्स डाऊ याला दिले जाते. मात्र १९०१ मधील त्याच्या संपादकीयात ‘बुक मेथड’ या नावाने जी नोंदपद्धती येते, तिचा उल्लेख व्यवहारात रुळलेली पद्धत म्हणूनच आहे. ‘हॉयल’ या टोपणनावाने १८९८ मध्ये निघालेल्या पुस्तकातही तिच्याशी मिळतीजुळती नोंद आढळते. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वॉल स्ट्रीटवरील सौदेकऱ्यांच्या वह्यांतून ती हळूहळू घडली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रारंभी फुल्यांऐवजी भावाचे आकडेच लिहीत. पद्धतीची तपशीलवार मांडणी व्हिक्टर डी व्हिलियर्स याने १९३३ च्या सुमारास केली, तर तीन बॉक्सांच्या उलटफेराची, म्हणजे भाव तीन बॉक्स मागे फिरल्यावरच नवा स्तंभ सुरू करण्याची, आज रूढ असलेली रीत १९४० च्या दशकात ए. डब्ल्यू. कोहेन याने प्रचारात आणली. रेंको जपानी आहे. पाश्चात्त्य वाचकांना त्याची ओळख प्रामुख्याने स्टीव्ह निसन याच्या १९९४ च्या पुस्तकातून झाली.

बॉक्सचा आकार बदलला की तोच भाव वेगळा दिसतो. समजा, बंद भाव क्रमाने १००, १०८, ११३, ११९, १२४, १३१, १२६, ११८, ११२, १०९, १०४ असे आहेत. १० चा बॉक्स धरून १०० पासून रेंको काढल्यास १३० पर्यंत तीन चढत्या विटा होतात. शेवटची वीट १२० ते १३० ची असल्याने उलटी वीट पडायला भाव तिच्या तळाच्याही एक बॉक्स खाली, म्हणजे ११० वर यावा लागतो. ती १०९ ला पडते. ५ चा बॉक्स धरल्यास सहा चढत्या विटांनंतर उलटी वीट ११८ लाच दिसते आणि अखेरपर्यंत चार उतरत्या विटा होतात. २० च्या बॉक्सवर मात्र एकच चढती वीट राहते, घसरण दिसतच नाही. पॉइंट अँड फिगरमध्ये तीन बॉक्सांचा उलटफेर लागतो. म्हणून ५ च्या बॉक्सवर गोळ्यांचा स्तंभ ११२ ला सुरू होतो. १० च्या बॉक्सवर त्यासाठी भाव १०० ला यावा लागतो, म्हणजे फुल्यांचा स्तंभच कायम राहतो. गाळणी जितकी जाड, तितका इशारा उशिरा.

आकार ठरवण्याच्या तीन रीती रूढ आहेत. अमेरिकी शेअरांसाठीच्या पारंपरिक कोष्टकात २० ते १०० डॉलर भावाला १ डॉलरचा बॉक्स, तर १०० ते २०० ला २ डॉलरचा धरतात. यात एकाच पट्ट्यातील गाळणी सारखी राहत नाही: १ डॉलर म्हणजे २० च्या भावाला ५ टक्के, तर १०० च्या जवळ जेमतेम १ टक्का. टक्केवारीचा बॉक्स हा दोष टाळतो. अनेक पटींनी वाढलेल्या शेअरच्या दीर्घ आलेखासाठी तोच सोयीचा. तिसरी रीत म्हणजे वेल्स वाइल्डरने १९७८ मध्ये मांडलेल्या ‘ॲव्हरेज ट्रू रेंज’चा, म्हणजे भावाच्या रोजच्या हालचालीच्या बहुधा १४ दिवसांच्या सरासरीचा, आधार घेणे. त्यात बॉक्स बाजाराच्या चंचलतेशी जुळतो.

या तिसऱ्या रीतीत एक खोच आहे. अनेक आलेख-प्रणाली ताज्या सरासरीवरून काढलेला बॉक्स संपूर्ण मागील इतिहासाला लावतात. सरासरी बदलली की कालच्या विटाही नव्याने रचल्या जातात. असे होते का हे पाहायला आजचा आलेख जपून ठेवावा आणि काही दिवसांनी तोच काळ ताडून पाहावा. जुन्या वळणांच्या जागा सरकलेल्या दिसल्यास बॉक्सचा आकडा एकदा ठरवून हातानेच भरलेला बरा.

मागील भावांवर चाचणी घेताना आणखी एक फसगत होते. भाव एका झेपेत तीन बॉक्स खाली उघडला, तर आलेखावर तीन सलग विटा येतात, पण मधल्या भावांना व्यवहार झालेलाच नसतो. वरील उदाहरणातही १० च्या बॉक्सवरील उलटी वीट ११० ला संपते, प्रत्यक्ष विक्री १०९ च्या आसपासच झाली असती. विटेच्या कडेचा भाव सौद्याचा भाव मानणाऱ्या चाचणीतील नफा म्हणूनच फुगलेला असतो, आणि बॉक्स लहान असला की ही तूट प्रत्येक सौद्यात पुन्हा येते.