तीन मिनिटांचा डिले आणि गळका कपॅसिटर

सोलापुरात मे महिन्यात भरदुपारी लाइट जाते आणि काही क्षणांत परत येते. पंखा फिरू लागतो, फ्रिज मात्र गप्प असतो. स्टॅबिलायझरवरचा डिलेचा दिवा लागलेला असतो, आणि साधारण तीन मिनिटं गेली की मगच कॉम्प्रेसर सुरू होतो. हा थांबा मुद्दाम ठेवलेला आहे. कॉम्प्रेसर नुकताच बंद पडला असेल तर त्याच्या दोन बाजूंच्या गॅसच्या दाबात मोठा फरक असतो. तो कमी होण्याआधीच मोटर सुरू करायला गेलं, तर ती अडकते, भरमसाट करंट ओढते आणि वाइंडिंग जळू शकतं.

आजकाल हा वेळ बहुधा छोटा मायक्रोकंट्रोलर मोजतो. जुन्या, साध्या सर्किटमध्ये हे काम एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर मिळून करत. ही जोडी वेळ कशी मोजते आणि कुठे दगा देते, ते एकाच उदाहरणातून पाहू. बारा व्होल्टचा डीसी पुरवठा, ७५० किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याच्या पुढे २२० मायक्रोफॅरडचा रिकामा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, एवढंच सामान पुरे.

स्विच दाबला त्या क्षणी कपॅसिटरच्या पट्ट्यांवर काहीच प्रभार नाही, म्हणून त्यांच्यातलं व्होल्टेज शून्य. सगळे बारा व्होल्ट रेझिस्टरवर पडतात आणि त्यातून १६ मायक्रोअँपिअर करंट वाहू लागतो. म्हणजे दर सेकंदाला १६ मायक्रोकूलंब प्रभार पट्ट्यांवर जमा होतो. कपॅसिटर बारा व्होल्टपर्यंत भरायला २२० गुणिले १२, म्हणजे २६४० मायक्रोकूलंब लागतात. सुरुवातीचा वेग तसाच टिकला असता, तर २६४० भागिले १६, म्हणजे १६५ सेकंदांत काम संपलं असतं.

हे १६५ सेकंद म्हणजेच या जोडीचा कालस्थिरांक. रेझिस्टर आणि कपॅसिटर यांचा नुसता गुणाकार केला तरी तोच आकडा येतो: ७,५०,००० ओहम गुणिले ०.०००२२ फॅरड. बारा व्होल्ट या हिशेबातून आपोआप गळून पडतात, कारण पुरवठा दुप्पट केला तर भरायचा प्रभारही दुप्पट होतो आणि सुरुवातीचा करंटही.

वेग मात्र टिकत नाही. पट्ट्यांवरचं व्होल्टेज जसं चढतं, तसा रेझिस्टरच्या वाट्याला कमी फरक उरतो आणि करंट मंदावतो. जेवढं भरायचं बाकी, तेवढाच भरण्याचा वेग, असा हा व्यवहार आहे. त्याचं गणित असं लिहितात:

```
V = E × (1 − e^(−t/RC))
```

इथे E म्हणजे पुरवठ्याचं व्होल्टेज, t म्हणजे गेलेला वेळ आणि RC म्हणजे आपले १६५ सेकंद. एक मिनिटानंतर पट्ट्यांमध्ये किती व्होल्ट असतील? ६० भागिले १६५ म्हणजे ०.३६४. e चा उणे ०.३६४ वा घात ०.६९५ येतो, तो एकातून वजा करून बाराने गुणला की ३.६६ व्होल्ट. दोन मिनिटांनी हाच हिशेब ६.२० देतो आणि तीन मिनिटांनी ७.९७. पहिल्या मिनिटात साडेतीन व्होल्टपेक्षा जास्त कमाई आणि तिसऱ्या मिनिटात जेमतेम पावणेदोन. बरोबर एक कालस्थिरांक संपतो तेव्हा ६३ टक्के, म्हणजे ७.५९ व्होल्ट भरलेले असतात.

कॅल्क्युलेटर हाताशी नसेल तर मला दुसरी वाट आवडते. कालस्थिरांकाच्या ०.६९ पट वेळ गेला की उरलेलं अंतर निम्मं होतं. आपल्या जोडीत ती वेळ ११४ सेकंदांची. तेवढ्या वेळात ६ व्होल्ट, आणखी तेवढ्याच वेळात ९, मग साडेदहा. अधलेमधले आकडे अंदाजाने काढता येतात.

आता तीन मिनिटांनी जवळजवळ ८ व्होल्टच का? या जोडीवर नजर ठेवून कॉम्प्रेसरला हिरवा कंदील देणारी ५५५ नावाची टायमर चिप पट्ट्यांवरचं व्होल्टेज पुरवठ्याच्या दोन तृतीयांशावर पोचण्याची वाट पाहते. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये तिची रचना केली आणि सिग्नेटिक्स कंपनीने ती १९७२ मध्ये बाजारात आणली. ठरावीक व्होल्टऐवजी प्रमाण निवडण्यात मोठं शहाणपण आहे: पुरवठा बाराचा साडेदहा असला तरी वेळ तीच राहते. दोन तृतीयांश गाठायला कालस्थिरांकाच्या १.१ पट वेळ लागतो, म्हणजे इथे १८१ सेकंद.

कागदावर हे चोख आहे. प्रत्यक्षात पहिली गडबड कपॅसिटरच्या अंगावरच छापलेली असते. साध्या इलेक्ट्रोलिटिकमध्ये वीस टक्के कमीजास्त चालतं. २२० चे खरोखर १७६ असतील तर डिले १४५ सेकंदांचा आणि २६४ असतील तर २१८ सेकंदांचा. फ्रिजला तेवढ्याने बिघडत नाही.

खरा शत्रू आहे गळती. इलेक्ट्रोलिटिकमधला ऑक्साइडचा पातळ थर पूर्ण बंद नसतो. त्यातून थोडा करंट सतत झिरपतो. कपॅसिटर बरेच महिने वापरात नसेल तर झिरपा वाढतो आणि उष्णतेनेही वाढतो. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशीच्या वर असतो. पत्र्याच्या बंद डब्यात, ट्रान्सफॉर्मरशेजारी बसलेल्या कपॅसिटरला त्याहून जास्त ताप सोसावा लागतो.

आपल्या सर्किटला हे का झेपत नाही? ८ व्होल्टपाशी पोचताना रेझिस्टरवर फक्त ४ व्होल्ट उरतात आणि त्यातून येतो जेमतेम ५.३ मायक्रोअँपिअर. सोयीसाठी गळती ३ मायक्रोअँपिअरवर स्थिर धरू. मग पट्ट्या बारापर्यंत जाऊच शकत नाहीत, त्यांची मजल ९.७५ व्होल्टवर संपते, आणि ८ व्होल्ट गाठायला १८१ ऐवजी २८३ सेकंद लागतात. गळती ५ झाली तर साडेनऊ मिनिटं. ५.३ च्या वर गेली की आत येणारं सगळं बाहेर झिरपतं आणि फ्रिज कधीच सुरू होत नाही. कपॅसिटर ना फुगलेला, ना फुटलेला, दिसायला ठणठणीत.

हे ओळखायचं कसं? प्लग लावलेला स्टॅबिलायझर उघडून नव्हे, त्यात मेनचा करंट असतो. कपॅसिटर काढून वेगळ्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर हीच जोडणी करावी, वीसेक मिनिटं थांबावं आणि डिजिटल मीटर कपॅसिटरला लावून आकडा स्थिरावेपर्यंत ठेवावा. मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम असतो, म्हणून कपॅसिटर निर्दोष असला तरी मीटर अखेर १२ नव्हे, ११.२ च्या आसपास दाखवेल. तो ९ वर येऊन थांबला तर रेझिस्टरमधून ४ मायक्रोअँपिअर येतोय, त्यातला ०.९ मीटरचा, उरलेला ३.१ गळतीचा.

मग रेझिस्टर निम्मा करून कपॅसिटर दुप्पट घ्यावा, असं सहज सुचतं. भरण्याचा करंट त्याने दुप्पट होतो खरा. पण त्याच जातीचा दुप्पट मोठा कपॅसिटर गळतोही साधारण दुप्पट. गुणोत्तर जिथल्या तिथे राहतं. गळतीचा त्रास कालस्थिरांकाच्या लांबीबरोबर वाढतो, त्यातल्या वाटणीने तो फारसा हलत नाही.

म्हणून लांब वेळ मोजायची वेगळी रीत आहे: छोटा कालस्थिरांक घ्यायचा आणि तो पुन्हा पुन्हा मोजायचा. ४०६० ही चिप नेमकं हेच करते. १०० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा प्लॅस्टिक फिल्मचा कपॅसिटर जोडला की कालस्थिरांक होतो सेकंदाचा शंभरावा भाग, आणि एक आवर्तन साधारण २३ मिलिसेकंदांचं. चिप अशी ८१९२ आवर्तनं मोजते आणि मग शेवटची पिन वर जाते. एकूण सुमारे १८८ सेकंद. फिल्मच्या कपॅसिटरची गळती या करंटपुढे नगण्य असते, त्यामुळे भर मे महिन्यातही डिले तीन मिनिटांच्या आसपासच राहतो.