व्हिडिओत दिसणारी अक्षरे शोधता यावीत म्हणून : आमच्या कामाची पद्धत आणि तिच्या मर्यादा

प्रशिक्षणाचा किंवा उत्पादनाची ओळख करून देणारा व्हिडिओ तयार झाला, की वर्षभराने त्यातील नेमकी जागा सापडत नाही, ही तक्रार आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक करतात. बोललेल्या शब्दांवरून शोध घेता येतो. पण वक्ता पडद्याकडे बोट दाखवून ‘हे जे मॉडेल आहे’ एवढेच म्हणतो आणि मॉडेलचा क्रमांक फक्त स्लाइडवर असतो. अशा वेळी व्हिडिओच्या चित्रातील अक्षरे वाचून त्यांची सूची करणे हाच उपाय राहतो. ते काम आम्ही कसे करतो आणि कोठे चुकू शकतो, हे येथे एका उदाहरणाने सांगितले आहे. शेतीपंपांच्या विक्रेत्यांसाठी केलेला 52 मिनिटांचा एक व्हिडिओ डोळ्यांसमोर ठेवावा. त्यातील मॉडेलचे क्रमांक समजण्यापुरते योजलेले आहेत.

प्रथम ffmpeg या साधनाने व्हिडिओतून दर सेकंदाला एक फ्रेम, म्हणजे एक स्थिर चित्र, काढली जाते.

```
ffmpeg -i prashikshan.mp4 -vf fps=1 frames/%05d.png
```

52 मिनिटांच्या या 3,120 फ्रेम होतात. दृश्य बदलले की तेवढीच फ्रेम उचलण्याची सोयही याच साधनात आहे. तथापि ती चित्रपटासारख्या दृश्यांना मानवते, स्लाइडला मानवत नाही. पांढरी पार्श्वभूमी, वरची पट्टी आणि बोधचिन्ह तसेच राहून केवळ चार ओळी बदलल्या, तर चित्राचा फारच थोडा भाग बदललेला असतो आणि नेहमीच्या मर्यादेने असा बदल निसटतो. म्हणून आम्ही सर्व फ्रेम काढतो, त्या लहान व करड्या करून शेजारच्या फ्रेमशी ताडून पाहतो आणि कोपऱ्यात वक्त्याचा चेहरा दिसत असल्यास तो चौकोन आधी झाकून टाकतो. चेहरा झाकला नाही, तर वक्त्याने मान हलवली तरी नवी स्लाइड आल्याचा भास होतो.

वाचनासाठी कोणती फ्रेम घ्यायची, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. स्लाइड बदलल्याबरोबरची फ्रेम अनेकदा धूसर असते, कारण आकुंचित व्हिडिओत नवे चित्र आधी ढोबळ येते आणि पुढच्या काही क्षणांत रेखीव होते. शिवाय मुद्दे एकेक करून उमटणारी स्लाइड सुरुवातीला अर्धी रिकामी असते. त्यामुळे पुढची स्लाइड येण्याच्या जरा आधीची, म्हणजे पूर्ण भरलेली फ्रेम आम्ही वाचतो. परंतु शोधणाऱ्याला त्या क्षणावर नेऊन सोडणे चुकीचे ठरेल. तोवर त्या मॉडेलविषयीचे बोलणे संपलेले असते. समजा, स्लाइड 11:05 ला उघडली आणि त्यातील तिसऱ्या मुद्द्यात SP-508 हे मॉडेल 12:40 ला उमटले. मधल्या 95 सेकंदांच्या फ्रेममध्ये त्या ओळीचा चौकोन केव्हा भरला, हे मागे जाऊन पाहिले जाते आणि दोन वेळा नोंदवल्या जातात : शीर्षकासाठी 11:05, मॉडेलसाठी 12:40.

अक्षरे वाचण्यासाठी आम्ही टेसरॅक्ट ही खुली प्रणाली `mar+eng` या भाषाजोडीसह वापरतो. तिला रोमन मोठी अक्षरे सुमारे 20 पिक्सेल उंचीची मिळाली तर वाचन चांगले होते. 10 पिक्सेलच्या आसपास ते अडखळते. आपल्या स्लाइडचे काय होईल, याचा अंदाज आपल्यालाही बांधता येतो. नेहमीची रुंद स्लाइड 540 पॉइंट उंच असते. 24 पॉइंटचा मजकूर 720 पिक्सेल उंचीच्या व्हिडिओत 32 पिक्सेलची जागा घेतो आणि त्यातील मोठे अक्षर साधारण 22 पिक्सेलचे होते. तोच व्हिडिओ 360 पिक्सेलचा असेल, तर तेच अक्षर 11 पिक्सेलवर येते. चित्र मोठे करून वाचल्याने थोडा फरक पडतो, परंतु जे टिंब आकुंचनातच पुसले गेले ते मोठे केल्याने परत येत नाही. देवनागरीत हा तोटा अधिक जाणवतो, कारण अनुस्वार, रफार आणि उकार हे मुळातच लहान; ‘किंमत’ची ‘किमत’ होते ती येथेच. निळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरे असतील तर आणखी कठीण, कारण बहुतेक व्हिडिओत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी निम्म्या बारकाईने साठवलेली असते.

वाचलेल्या ओळींपैकी शीर्षक कोणते, हे ठरवण्याचा नियम वरकरणी सोपा आहे : स्लाइडच्या वरच्या तृतीयांशातील सर्वांत मोठ्या अक्षरांची ओळ. हा नियम लावला, की पहिल्या प्रयत्नात बहुतेक स्लाइडचे शीर्षक म्हणून कंपनीचे नाव हाती येते, कारण बोधचिन्हातील अक्षरेही वर असतात आणि मोठी असतात. म्हणून अर्ध्याहून अधिक स्लाइडवर त्याच जागी येणारा मजकूर आधी वगळला जातो. दुसरी अडचण आपल्या लिपीची आहे. ‘दुरुस्ती’ या शब्दाला वर वेलांटी आणि खाली उकार असल्याने त्याची चौकट ‘बदल’ या शब्दापेक्षा बरीच उंच भरते, अक्षरांचा आकार मात्र तोच असतो. एका शब्दावरून निर्णय घेतला तर उकार-वेलांट्या असलेली साधी ओळही शीर्षक ठरू शकते. त्यामुळे ओळीतील सर्व शब्दांच्या उंचीचा मध्यक घेतला जातो. नवा विभाग सुरू करणाऱ्या स्लाइडवर शीर्षक मधोमध असते, तेथे हा नियम लागू पडत नाही आणि अशा थोड्या स्लाइड आमची माणसे डोळ्यांनी पाहतात.

आमचा सर्वाधिक वेळ उत्पादनांच्या नावांवर खर्च होतो. साध्या शब्दात एखादे अक्षर चुकले तरी वाचणाऱ्याला अर्थ लागतो. SP-508 मधील एक अंक चुकला, तर तो वेगळाच पंप असतो. म्हणून आपली मॉडेलची यादी आम्ही सुरुवातीलाच मागतो आणि वाचलेला प्रत्येक क्रमांक तिच्याशी ताडतो.

समजा यादीत SP-506 आणि SP-508 अशी दोन मॉडेल आहेत. प्रणालीने SP-S08 असे वाचले, तर S आणि 5 यांची गल्लत नेहमीची असल्याने आणि त्या दुरुस्तीनंतर यादीतील एकच नाव जुळत असल्याने ते SP-508 म्हणून घेतले जाते. O आणि 0, I आणि 1, B आणि 8 या जोड्याही अशाच. आता प्रणालीने SP-509 वाचले असे धरा. हे मॉडेल यादीत नाही. एक अंक बदलला तर ते 506 ही होते आणि 508 ही. ‘सर्वांत जवळचे नाव निवडा’ अशी आज्ञा संगणकाला दिली, तर तो कोणते तरी एक निवडून मोकळा होतो आणि ती चूक पुढे कोणाच्याही लक्षात येत नाही. आम्ही असे नाव सूचीत घालत नाही. त्या जागेचे कापलेले चित्र तपासणीच्या तक्त्यात ठेवतो. ते SP-509 हे बंद झालेले जुने मॉडेलही असू शकते, आणि ते केवळ आपणच सांगू शकता.

येथे दोन गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. प्रणाली प्रत्येक शब्दाला 0 ते 100 असा खात्रीचा गुण देते आणि काही ठिकाणी 90 च्या वरचे सर्व बरोबर असे धरले जाते. सलग मजकुरासाठी हा गुण उपयोगी आहे, क्रमांकांसाठी त्याच्यावर विसंबू नये. चुकीच्या अंकालाही भरघोस गुण मिळालेला आम्ही पाहिला आहे. दुसरा गैरसमज असा, की एकाच स्लाइडच्या पाच फ्रेम वाचून बहुमत घेतले की चूक टळते. स्लाइड स्थिर असल्याने त्या पाचही फ्रेम जवळजवळ एकच चित्र असतात. पहिलीत 6 चा 8 झाला असेल, तर पाचही साक्षीदार तीच साक्ष देतात. बहुमताचा उपयोग कॅमेरा हलत असताना पंपावरची पाटी वाचताना होतो, कारण तेथे प्रत्येक फ्रेम खरोखरच वेगळी असते. स्थिर स्लाइडसाठी तेच चित्र आम्ही निरनिराळ्या पटीने मोठे करून वाचतो आणि उत्तरे जुळली नाहीत तर ते नाव तपासणीत टाकतो.

वाचन बरोबर झाले तरी शोध चुकू शकतो. सूचीसाठी आम्ही एसक्यूलाइट ही माहिती साठवून शोधण्याची प्रणाली वापरतो. तिची मूळची शब्द तोडण्याची रीत काना, मात्रा आणि अनुस्वार यांना शब्दातील खंड समजते. त्यामुळे ‘पंप’ आणि ‘पाप’ हे दोन्ही तिच्या लेखी ‘प प’ होतात. विक्रेत्याने पंप शोधावा आणि पाप पदरी पडावे, असा प्रकार. सूची तयार करताना पुढील आज्ञेतील tokenize ची ओळ घातली, की ही अडचण दूर होते.

```
CREATE VIRTUAL TABLE slides USING fts5(
  majkur, video UNINDEXED, sekand UNINDEXED,
  tokenize = "unicode61 categories 'L* N* Co Mn Mc'"
);
```

याशिवाय ‘ॲम्पिअर’मधील पहिले अक्षर एका अखंड चिन्हाने किंवा अ आणि चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिता येते, दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला मात्र वेगळे. देवनागरी आणि इंग्रजी अंकही संगणकाला असेच वेगळे असतात. सूचीत घालताना आणि शोधताना दोन्ही वेळा आम्ही एकच रूप करून घेतो. पडद्यावर आपल्याला मूळ रूपच दिसते.

काम पूर्ण झाल्यावर आपल्याला सूचीबरोबर एक तक्ता मिळतो. त्यात प्रत्येक शीर्षकासमोर आणि मॉडेलसमोर वेळ व कापलेले चित्र असते. स्वीकारण्यापूर्वी आपल्याच माणसाने व्हिडिओतील कोणत्याही वीस स्लाइड निवडून त्यांवरील नावे शोधून पाहावीत, आणि किती सापडली नाहीत व किती चुकीच्या जागी सापडली हे दोन आकडे वेगवेगळे लिहावेत. न सापडलेली नावे बहुधा लहान अक्षरांची असतात. चुकीच्या जागी सापडलेले एकही मॉडेल मात्र आमची चूक समजावी आणि तो तक्ता परत पाठवावा.

काम देताना व्हिडिओची मूळ फाइल द्यावी; मोबाइलवर एकमेकांना पाठवलेली प्रत पुन्हा आकुंचित झालेली असते. मॉडेलची यादी बंद झालेल्या मॉडेलसह द्यावी. आणि त्या कार्यक्रमातील सादरीकरणाची फाइल कार्यालयात कोठे जपून ठेवली असेल, तर ती अवश्य शोधावी. ती मिळाली तर शीर्षके चित्रातून वाचावी लागत नाहीत, फक्त कोणती स्लाइड केव्हा दिसली एवढेच जुळवावे लागते; अशा कामाचे दरही आम्ही वेगळे आणि कमी लावतो.