टॉन्सिल काढल्यावरचा दुसरा आठवडा

प्रौढ माणसाचे टॉन्सिल काढल्यावर घशाच्या दोन्ही बाजूंना जो खळगा राहतो, त्याला सहसा टाके घालून बंद करत नाहीत. ती जखम उघडीच राहते आणि तळापासून भरत येते. दुसऱ्या दिवसापर्यंत तिच्यावर पांढरट-पिवळसर थर धरतो. आरशात पाहून अनेकांना तो पू वाटतो, पण ती खपलीच असते. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास ती सुटू लागते, खालची नाजूक जखम उघडी पडते आणि म्हणूनच, बरे वाटू लागण्याच्या सुमारासच, दुखणे पुन्हा वाढू शकते. कानही ठणकतो, घशाच्या या भागाची आणि मधल्या कानाची संवेदना एकाच मज्जातंतूतून जाते, त्यामुळे कान निरोगी असूनही दुखतो.

समजा, कोथरूडमधील ३४ वर्षांच्या एका शिक्षिकेची सोमवारी शस्त्रक्रिया झाली. वजन ५० किलोपेक्षा जास्त आणि यकृत निरोगी, म्हणून डॉक्टरांनी दर ६ तासांनी १ ग्रॅम पॅरासिटामॉल, दिवसाला जास्तीत जास्त ४ ग्रॅम, असे लिहून दिले. दुखेल तेव्हा घेऊ, असे म्हणत थांबले की गिळणे नकोसे होते, पाणी कमी जाते आणि कोरडा घसा आणखी दुखतो. म्हणून गोळी वेळेवर आणि जेवणाआधी अर्धा तास घेतलेली बरी. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, तेही हिशेबात धरावे. ॲस्पिरिन मनाने घेऊ नये.

जेवणात मऊ खिचडी, वरण-भात, शिरा, गार दूध चालते. नुसत्या पेजेवर राहू नये, कारण चावण्या-गिळण्याने जबड्याचा ताठरपणा कमी होतो. लिंबू-टोमॅटो झोंबतात, बाकरवडी आणि चिवडा दोन आठवडे डब्यातच राहू द्यावा.

पुढच्या मंगळवारी, आठव्या दिवशी, पहाटे ३ वाजता तिला तोंडात खारट चव आली आणि बेसिनमध्ये चमचाभर लालभडक रक्त पडले. पाच मिनिटांत ते थांबले. ‘थांबलंय ना, सकाळी बघू,’ असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे. पण इथेच घात होऊ शकतो, कारण असे थोडके रक्त मोठ्या रक्तस्रावाची पूर्वसूचना असू शकते. लाळेत एखादी गुलाबी रेघ दिसली, तर डॉक्टरांना फोन करून विचारावे. ताजे लाल रक्त, गाठ, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी किंवा झोपेत सारखे गिळणे, यांपैकी काहीही दिसले तर मात्र लगेच निघावे. रक्त गिळले जात असेल, तर बाहेर फारसे दिसतही नाही.

तिने बसून, पुढे वाकून रक्त भांड्यात थुंकले, काही खाल्ले-प्यायले नाही, कारण भूल द्यावी लागण्याची शक्यता असते. स्वतः गाडी चालवू नये. रक्त वाहतच असेल तर १०८ वर फोन करावा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ व रात्री चालू असलेले शस्त्रक्रियागृह जिथे आहे, तिथेच जावे. तपासणीत तिच्या डाव्या खळग्यात रक्ताची गाठ सापडली आणि तिला देखरेखीखाली दाखल करून घेतले. त्या शनिवारी महाबळेश्वरला जायचे ठरले होते. घाटात रात्री रक्त आले असते, तर असे रुग्णालय गाठायला फार वेळ गेला असता.