बंधनऊर्जा, न्यूक्लिऑनमागील

अणुकेंद्रातील सर्व प्रोटॉन व न्यूट्रॉन एकमेकांपासून पूर्णपणे सुटे करण्यासाठी जेवढी ऊर्जा पुरवावी लागते, ती त्या अणुकेंद्राची बंधनऊर्जा. तिला न्यूक्लिऑनांच्या, म्हणजे प्रोटॉन व न्यूट्रॉन यांच्या एकूण संख्येने भागले की न्यूक्लिऑनमागील बंधनऊर्जा मिळते. ही ऊर्जा थेट मोजण्याऐवजी बहुधा वस्तुमानांवरून काढतात. सुट्या घटकांच्या वस्तुमानांची बेरीज अणुकेंद्राच्या वस्तुमानापेक्षा जास्त भरते. हा फरक म्हणजे वस्तुमान-तूट. १ अणुवस्तुमान एकक (पुढे नुसते ‘एकक’) म्हणजे ९३१.४९४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट (पुढे ‘मेव्ह’), या हिशेबाने तुटीचे ऊर्जेत रूपांतर करतात.

कोष्टकांत जी वस्तुमाने दिलेली असतात ती उदासीन अणूंची, म्हणजे इलेक्ट्रॉनांसह. म्हणून प्रोटॉनच्या जागी हायड्रोजन अणूचे वस्तुमान घेण्याची पद्धत आहे; तसे केले की दोन्ही बाजूंचे इलेक्ट्रॉन आपोआप कटतात. हायड्रोजन-१ चे वस्तुमान १.००७८२५, न्यूट्रॉनचे १.००८६६५ आणि हेलियम-४ चे ४.००२६०३ एकक आहे. दोन हायड्रोजन आणि दोन न्यूट्रॉन मिळून ४.०३२९८० होतात. तूट ०.०३०३७७ एकक, म्हणजे २८.३० मेव्ह, न्यूक्लिऑनमागे ७.०७ मेव्ह. लिथियम-७ (७.०१६००३ एकक) साठी तीन हायड्रोजन व चार न्यूट्रॉन यांची बेरीज ७.०५८१३५ येते. तूट ०.०४२१३२ एकक म्हणजे ३९.२५ मेव्ह असली, तरी न्यूक्लिऑनमागे ती केवळ ५.६१ मेव्ह पडते. हेलियमची बांधणी एवढी घट्ट आणि लिथियमची त्या मानाने सैल, यातूनच पुढील विक्रिया ऊर्जा देणारी ठरते.

लिथियमचे विघटन. लिथियम-७ वर प्रोटॉन आदळला की दोन हेलियम-४ अणुकेंद्रे (आल्फा कण) निर्माण होतात:

⁷Li + ¹H → ⁴He + ⁴He

विक्रियेपूर्वीची अणुवस्तुमाने ७.०१६००३ + १.००७८२५ = ८.०२३८२८, नंतरची २ × ४.००२६०३ = ८.००५२०६. फरक ०.०१८६२२ एकक, म्हणजे १७.३५ मेव्ह. डावीकडे तीन अधिक एक आणि उजवीकडे दोन अधिक दोन असे चार-चार इलेक्ट्रॉन असल्यामुळे वेगळी दुरुस्ती लागत नाही. पडताळा बंधनऊर्जेवरून घेता येतो: सुट्या प्रोटॉनची बंधनऊर्जा शून्य, म्हणून २ × २८.३० − ३९.२५ = १७.३५ मेव्ह. ही ऊर्जा आल्फा कणांची गतिज ऊर्जा म्हणून बाहेर पडते. आदळणाऱ्या प्रोटॉनची स्वतःची ऊर्जा तीत मिळवावी लागते, पण ती तुलनेने अल्प असते.

चुका व त्यांची ओळख. अणूच्या वस्तुमानाबरोबर हायड्रोजनऐवजी नुसत्या प्रोटॉनचे वस्तुमान (१.००७२७६) वापरल्यास प्रत्येक प्रोटॉनमागे ०.५११ मेव्ह कमी भरतात. लिथियमची बंधनऊर्जा मग ३७.७२ आणि न्यूक्लिऑनमागील मूल्य ५.३९ येते. उत्तरातील फरक ०.५११ च्या पटीत आला, की इलेक्ट्रॉनांचा हिशेब चुकला असे समजावे. वस्तुमाने तीनच दशांश स्थळांपर्यंत घेतली तर वरच्या विक्रियेत फरक ०.०१८ एकक, म्हणजे १६.८ मेव्ह होतो. जवळजवळ सारख्या दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी असल्यामुळे अर्ध्या मेव्हची चूक सहज शिरते. लिथियमसाठी रासायनिक अणुभार (सु. ६.९४) घेतला तर फरक ऋण येतो, कारण तो दोन समस्थानिकांच्या मिश्रणाची सरासरी आहे. जुनी कोष्टके ऑक्सिजन-१६ वर आधारलेली आहेत. १९६१ च्या सुमारास कार्बन-१२ हे प्रमाण स्वीकारले गेले. हायड्रोजनपुढे १.००८१४ दिसले की कोष्टक जुने असल्याचे ओळखता येते.

इलेक्ट्रॉन आपोआप कटत नाहीत अशी नेहमीची स्थिती म्हणजे पॉझिट्रॉन-क्षय. कार्बन-११ आणि बोरॉन-११ यांच्या अणुवस्तुमानांतील फरक १.९८ मेव्ह आहे, पण पॉझिट्रॉन व न्यूट्रिनो यांच्या वाट्याला ०.९६ मेव्हच येतात. उरलेले १.०२ मेव्ह दोन इलेक्ट्रॉनांच्या वस्तुमानात जातात. त्यांपैकी एक म्हणजे पॉझिट्रॉन स्वतः. दुसरा बोरॉनला नको असलेला कवचातील इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉनांची अणूतील बंधनऊर्जाही काटेकोर हिशेबात धरावी लागते, परंतु लिथियमसाठी ती सर्व मिळून सु. २०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढीच आहे.

प्रायोगिक पुराव्याचा प्रश्न. हेलियमचे वस्तुमान चार हायड्रोजन अणूंपेक्षा कमी भरते हे एफ. डब्ल्यू. ॲस्टन यांच्या मापनांवरून १९२० च्या सुमारास स्पष्ट झाले होते. वस्तुमान-तूट आणि प्रत्यक्ष बाहेर पडलेली ऊर्जा यांचा मेळ मात्र १९३२ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. डी. कॉक्रॉफ्ट आणि ई. टी. एस. वॉल्टन यांनी वरील विक्रियेवरून घातला. आल्फा कणांचा हवेतील पल्ला ८.४ सेंमी. भरला, त्यावरून प्रत्येकी ८.६, म्हणजे दोघांची १७.२ मेव्ह ऊर्जा निघाली. त्या वेळी उपलब्ध वस्तुमानांनुसार तूट ७.०१०४ + १.००७२ − ८.००२२ = ०.०१५४ ± ०.००३, म्हणजे १४.३ ± २.७ मेव्ह होती. (येथे अणूंची नव्हे, अणुकेंद्रांची वस्तुमाने घेतली आहेत.) मोजलेले मूल्य या पल्ल्याच्या वरच्या टोकाच्याही किंचित बाहेर पडते, तरी दोघांनी निरीक्षण गृहीतकाशी सुसंगत मानले.

वस्तुमान-ऊर्जा समतुल्यतेचा हा पहिला प्रायोगिक पुरावा होय, असे अनेक ग्रंथांत म्हटलेले आढळते. त्रुटीची मर्यादा पाहता त्याला पहिला ढोबळ मेळ म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. के. टी. बेनब्रिज यांनी १९३३ मध्ये लिथियम-७ चे वस्तुमान अधिक नेमके मोजून हाच ताळा पुन्हा मांडला, व काही लेखक श्रेय त्यांच्याकडे देतात. मात्र हेलियमचे रूढ मूल्य तेव्हा दुरुस्त झालेले नव्हते. १९३५ मध्ये एच. ए. बेटे यांनी, तसेच ऑलिफंट, केम्प्टन व रदरफर्ड यांनी, विक्रियांत सुटणाऱ्या ऊर्जांवरूनच हलक्या अणूंच्या वस्तुमानांत दुरुस्ती सुचवली. म्हणजे ज्या वस्तुमानांवरून ऊर्जा तपासायची, तीच आता ऊर्जांवरून तपासली जाऊ लागली.

कमाल मूल्य. लोह-५६ ची न्यूक्लिऑनमागील बंधनऊर्जा ८.७९० मेव्ह आहे, आणि ती सर्वाधिक असल्याचे पाठ्यपुस्तकांत सर्रास छापले जाते. वस्तुतः निकेल-६२ (८.७९५) आणि लोह-५८ (८.७९२) तिच्या पुढे आहेत, एम. पी. फ्यूएल यांनी १९९५ मध्ये याकडे लक्ष वेधले. गोंधळाचे एक संभाव्य कारण असे, की न्यूक्लिऑनमागील वस्तुमान लोह-५६ चेच सर्वांत कमी आहे (०.९९८८३८, निकेल-६२ चे ०.९९८८४४ एकक). लोह-५६ मध्ये प्रोटॉनांचे प्रमाण थोडे जास्त असते आणि प्रोटॉन न्यूट्रॉनपेक्षा हलका असतो. वस्तुमानावरून क्रम लावणारा लोह-५६ वर थांबतो, तर घटकांची तूट काढणारा निकेल-६२ वर. जड टोकाला युरेनियम-२३५ चे मूल्य सु. ७.६ मेव्ह आहे. भंजनातील मध्यम तुकड्यांचे ते सु. ८.५ असल्याने एका भंजनात ढोबळमानाने २०० मेव्ह सुटतात.