पीओच्या मागच्या पानावरच्या अटी

एप्रिल उजाडला की रत्नागिरीतल्या कॅनिंगच्या कारखान्यांत आमरसासाठी रिकाम्या डब्यांचे ट्रक लागतात. घाट उतरून येणारा हा माल वजनाला हलका, पण जागा खाणारा. म्हणून भाडं कोणी भरायचं, हा प्रश्न इथे दराइतकाच महत्त्वाचा असतो. हंगामाआधी पुरवठादाराशी वर्षभराचा मास्टर करार होतो आणि मग लागेल तसा एकेक पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, निघतो. करारासाठी मालक आणि वकील एकत्र बसतात. पीओ मात्र खरेदी विभाग छापतो, तोही जुन्याच नमुन्यावर. करार आणि पीओ यांच्यातल्या बहुतेक विसंगती तिथेच शिरतात. त्यात कोणाची लबाडी असतेच असं नाही. तपासणाऱ्याने दोन्ही कागद ताडून या विसंगतींची यादी वकिलाकडे पाठवायची असते.

हा गुंता जुना आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 7 सांगतं की प्रस्तावाचा स्वीकार निरपवाद आणि बिनशर्त हवा. पण दोन्ही बाजू आपापल्या छापील अटी धाडू लागल्या, तेव्हा नेमका स्वीकार कशाचा झाला हेच कळेना. इंग्लंडमध्ये 1977 मध्ये निकाल लागलेल्या ‘बटलर मशीन टूल’ खटल्यात विक्रेत्याच्या फॉर्मवर दरवाढीची अट होती आणि खरेदीदाराच्या फॉर्मवर नव्हती. खरेदीदाराच्या ऑर्डरची पावती विक्रेत्याने सही करून परत पाठवली होती, म्हणून खरेदीदाराच्या अटी लागू धरल्या गेल्या.

आपल्याकडे वाद जास्त गाजला तो लवादाच्या कलमावरून. 2009 मध्ये ‘एम. आर. इंजिनिअर्स’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की दुसऱ्या कराराचा नुसता मोघम उल्लेख केला, तर त्यातलं लवादाचं कलम आपोआप लागू होत नाही. 2018 च्या ‘आयनॉक्स विंड’ प्रकरणात मात्र खरेदीदाराच्या प्रमाणित अटी पीओला जोडलेल्या होत्या, आणि तिथे मोघम उल्लेखही पुरेसा ठरला. म्हणजे पीओला काय जोडलंय आणि उल्लेख कोणत्या शब्दांत केलाय, यावर निकाल फिरतो. तपासणाऱ्याने मागचं पान आणि जोडपत्रं सोडून चालतच नाही.

आता एक उदाहरण घेऊ. मास्टर करारात आहे: माल कारखान्यात पोहोच, पैसे माल मिळाल्यापासून 45 दिवसांत. पीओच्या पुढच्या पानावर आहे ‘एक्स-वर्क्स’, म्हणजे माल पुरवठादाराच्या दारातून खरेदीदाराने आपल्या खर्चाने न्यायचा, आणि मागे ‘बिलाच्या महिनाअखेरीपासून 60 दिवस’. माल आणि बिल दोन्ही 10 एप्रिलला आले, तर कराराप्रमाणे पैसे 25 मेपर्यंत द्यायचे आणि पीओप्रमाणे 29 जूनपर्यंत. फरक 35 दिवसांचा. नुसते 45 आणि 60 हे आकडे ताडले, तर 15 दिवसच दिसतात, कारण मोजणी कुठून सुरू होते तेही बदललेलं आहे. म्हणून प्रत्येक अट आकडा, एकक आणि सुरुवातीचा दिवस अशी तोडून मगच जुळवायला हवी. पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर तिसरा कागदही मध्ये येतो. 2006 च्या एमएसएमईडी कायद्याच्या कलम 15 नुसार आपसात ठरलेली मुदतही माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही.

पण दिसलेला प्रत्येक फरक ही विसंगती नसते, आणि नवखे इथेच चुकतात. करारात सहसा वरचढपणाचं कलम असतं: संख्या आणि पोहोचवण्याची तारीख पीओप्रमाणे, बाकी सगळं कराराप्रमाणे. मग पीओवरची वेगळी तारीख ही परवानगी असलेला बदल झाला आणि वेगळी पेमेंटची मुदत ही खरी विसंगती. पीओ एखाद्या बाबतीत गप्प असेल, तर तीही विसंगती नव्हे, तिथे करारच लागू राहतो. मात्र पीओच्या मागे ‘या अटी आधीच्या सर्व करारांवर वरचढ राहतील’ असं छापलेलं असेल, तर वरचढपणाची दोन कलमंच एकमेकांवर आदळतात. ही नोंद यादीत सर्वांत वर हवी, कारण खालच्या प्रत्येक ओळीचं उत्तर तिच्यावर अवलंबून आहे.

पूर्वी हे काम हायलायटर आणि फूटपट्टी घेऊन व्हायचं. आता संगणक कलमं विषयवार लावून देतो, पण दोन ठिकाणी तो हमखास अडतो. एक, मागच्या पानाचा स्कॅन पुसट असला की 60 चा 50 होतो. दुसरं, मध्येच दरात किंवा मुदतीत दुरुस्तीपत्र निघालेलं असतं आणि ते फायलीत लागलेलंच नसतं. मग जुन्या कराराशी ताडलेला बिनचूक पीओ चुकीचा ठरतो. म्हणून ताडण्याआधी सगळी दुरुस्तीपत्रं तारखेनुसार लावून घ्यावीत.

यादीची एक ओळ मी अशी लिहीन: पेमेंट, करार कलम आणि पान, मूळ वाक्य, पीओ पान, मूळ वाक्य, फरक 35 दिवस, वरचढपणाच्या कलमाप्रमाणे करार लागू दिसतो, निर्णय वकिलाचा. निर्णयाचा रकाना रिकामाच पाठवायचा, आणि उत्तर येईपर्यंत तो पीओ पुरवठादाराकडे जाऊ द्यायचा नाही.