काखेतल्या पुटकुळ्या आणि बिचारी पोहायची टाकी

मे महिना आला की सांगलीत अर्धी पोरं पोहायच्या क्लासला, आमची सात वर्षांची पण गेली, आणि चौथ्याच दिवशी आंघोळ घालताना काखेजवळ पाच पुटकुळ्या दिसल्या. शिजलेल्या साबुदाण्यासारख्या चकचकीत, मधोमध बारीक खड्डा. शेजारच्या काकू म्हणाल्या चामखीळ आहे, चुना-सोडा लाव. क्लासमधल्या एका आईनं सरळ टाकीवर खापर फोडलं.

चामखीळ नव्हती ती. चामखीळ खरखरीत असते, आत काळे ठिपके दिसतात (रक्त गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या असतात त्या), आणि ती एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होते. हे मोलस्कम, देवीच्या रोगाच्या घराण्यातला पण अगदी मवाळ विषाणू.

टाकी तर निर्दोषच, कारण हा विषाणू अंगात शिरल्यापासून पुटकुळी दिसायला दोन आठवडे ते सहा महिने लागतात, म्हणजे दिवाळीनंतर कधीही, कुठंही लागलेलं असू शकतं, चार दिवसांत नाही. पोहताना पसरतं ते मुख्यतः एकमेकांच्या टॉवेलमधून, अंगाला अंग लागून आणि सगळ्यांनी छातीशी धरलेल्या त्या फोमच्या फळीवरून. त्यामुळं डॉक्टरांनी क्लास बंद करायला सांगितला नाही. पुटकुळ्यांवर वॉटरप्रूफ पट्टी, अंगभर स्विमसूट, टॉवेल आणि फळी स्वतःची, एवढंच.

मग औषध? काहीच नाही, म्हणाले. मला पटेना. पण गंमत अशी की हा विषाणू कातडीच्या अगदी वरच्या थरात लपतो, शरीराला बरेच महिने पत्ताच लागत नाही, आणि पत्ता लागला की ते स्वतःच त्याला हाकलतं. साधारण सहा ते अठरा महिने, कधी जास्त पण. खरवडून काढता येतात, गोठवता येतात, पण पोराला दुखतं, वण राहू शकतो. चुना-सोड्यानं तर कातडीच भाजते. पापणीवर असेल, एक्झिमा असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर मात्र डॉक्टरांकडे जायचंच. चामखिळीचं सॅलिसिलिक अॅसिड वेगळं, ते हातापायाच्या चामखिळीला रोज लावत तीनेक महिने चालवायचं, चेहऱ्यावर अजिबात नाही. तीही बऱ्याच पोरांची वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते.

मधे पुटकुळ्या पाचाच्या अठरा झाल्या, बऱ्याचशा तिनं खाजवलेल्या रेषेत. ऑगस्टमध्ये तर लालबुंद होऊन सुजल्या, मी अँटिबायोटिक मागायलाच गेले होते. डॉक्टर म्हणाले थांबा, शरीराला आता कळलंय, जायच्या आधी असंच होतं. ताप आला, लाली पसरत गेली किंवा दुखणं वाढलं तर या. काहीच झालं नाही.

डिसेंबरात शेवटची गेली. दोन फिकट खड्डे राहिलेत, तेही जिथं मी एका रात्री न राहवून सुईनं टोचलं होतं तिथंच.