पीपीएफ पासबुकातल्या नोंदी : जमा, तारीख आणि व्याज

पीपीएफ म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं पासबुक, पोस्टाचं असो की बँकेचं, दिसायला साध्या सेव्हिंग खात्यासारखंच असतं. तारीख, तपशील, काढलेली रक्कम, जमा रक्कम आणि शिल्लक. फरक एवढाच की यात व्याजाची नोंद वर्षातून एकदाच येते, आर्थिक वर्षाच्या शेवटी, साधारण 31 मार्चच्या तारखेने. मधल्या अकरा-बारा महिन्यांत व्याजाची एकही ओळ दिसत नाही, म्हणून पुष्कळांना वाटतं की व्याज वर्षअखेरच्या शिलकेवर एकदम लागतं. तसं नाही, हिशोब दर महिन्याला होत असतो, फक्त तो पासबुकात छापला जात नाही.

नियम असा की 5 तारखेचे व्यवहार संपल्यापासून महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज धरायचं. म्हणजे 5 तारखेपर्यंत आलेले पैसे त्याच महिन्यापासून कामाला लागतात आणि 6 तारखेला आलेले पुढच्या महिन्यापासून, मग ते 6 ला आले काय आणि 30 ला आले काय, काही फरक पडत नाही. असे बारा महिन्यांचे आकडे बेरीज करून वर्षअखेरीला एकच रक्कम जमा होते आणि 1 एप्रिलपासून त्या व्याजावरही व्याज सुरू होतं. एप्रिल 2020 पासून दर 7.1 टक्के आहे, पण सरकार तो दर तिमाहीला जाहीर करतं, त्यामुळे वर्षाच्या मध्येच दर बदलला तर त्या त्या महिन्यांना तो तो दर लावून हिशोब करावा लागतो.

उदाहरण घेऊ, वर्ष 2024-25. 1 एप्रिलला मागचं व्याज धरून शिल्लक 4,00,000 रुपये. 4 एप्रिलला 50,000 भरले, 9 सप्टेंबरला 40,000 आणि 12 मार्चला 10,000. पासबुकात शिल्लक लगेच 4,50,000, मग 4,90,000, मग 5,00,000 अशी चढत जाते, पण व्याजाचा हिशोब तिच्या थोडा मागे चालतो. एप्रिल ते सप्टेंबर हे सहाही महिने 4,50,000 वरच धरले जातात कारण 9 सप्टेंबरचे 40,000 त्या महिन्याला उशिरा आले, महिन्याला 2,662.50 प्रमाणे 15,975 झाले. ऑक्टोबर ते मार्च 4,90,000 वर 17,395. मार्चच्या 10,000 वर त्या वर्षी दमडीही नाही. एकूण 33,370, आणि शेवटची शिल्लक 5,33,370. सप्टेंबरचे पैसे चार दिवस आधी, 5 ला भरले असते तर साधारण 237 रुपये जास्त मिळाले असते.

पूर्ण दीड लाख, म्हणजे वर्षाची कमाल मर्यादा, एकदम भरणाऱ्याला हा फरक जास्त जाणवतो. 5 एप्रिलपर्यंत भरले तर त्या रकमेवर वर्षभराचे 10,650 रुपये, 6 एप्रिलला भरले तर 9,762.50, एका दिवसात 887.50 गेले. दरमहा 12,500 भरणाऱ्याने प्रत्येक हप्ता 5 च्या आत ठेवला तर 5,768.75 आणि दर वेळी 5 नंतर भरला तर 4,881.25, म्हणजे तोटा अगदी तेवढाच. टॅक्स वाचवायला मार्चअखेरीस घाईने भरणारे लोक त्या रकमेवरचं वर्षभराचं व्याजच सोडून देतात, पैसे हाताशी असतील तर हे खरंच टाळावं.

आता तारीख कुठली धरायची, कारण गडबड बहुतेक इथेच होते. पोस्टात चेक दिला तर स्लिपवरची तारीख नाही, चेक वटून पैसे सरकारी खात्यात आले तो दिवस जमेची तारीख. 3 ला दिलेला चेक 6 ला वटला की महिना गेला. 5 तारखेला रविवार आला म्हणून मुदत पुढे सरकत नाही, म्हणून चेक आधीच्या महिन्याच्या शेवटी द्यावा आणि ऑनलाइनवाल्यांनी 1-2 तारखेलाच पैसे वळवून पासबुकात तारीख काय पडली ते बघावं. वर्षाचं व्याज हिशोबापेक्षा कमी आलं तर आधी प्रत्येक जमेची छापील तारीख तपासायची, बहुतेक वेळा एखादी नोंद 5 च्या पलीकडे गेलेली सापडते. 31 मार्चला दुपारी पासबुक छापून घेतलं तर व्याजाची ओळ नसते, ती नंतर येते, तेव्हा एप्रिलमध्ये परत एकदा छापून घ्यायचं.

पैसे काढताना नियम उलट्या बाजूने लागतो. 28 तारखेला रक्कम काढली तरी महिन्यातली कमीत कमी शिल्लक खाली येते आणि काढलेल्या रकमेवरचं त्या पूर्ण महिन्याचं व्याज जातं, म्हणून थांबता येत असेल तर पुढच्या महिन्याच्या 1 तारखेला काढलेलं बरं.